नाडी मनगटावर नव्हे, छातीवर: फॉक्सग्लोव्हच्या पानापासून डिगॉक्सिनच्या गोळीपर्यंत

१/
इ.स. १७८३च्या सुमाराची गोष्ट. बर्मिंगहॅमचे वैद्य विल्यम विदरिंग यांना यॉर्कशायरच्या एका फिरत्या व्यापाऱ्याला तपासण्यासाठी बोलावणे आले. त्या माणसाला वांत्या थांबत नव्हत्या, डोळ्यांपुढचे धूसर झाले होते आणि नाडी मिनिटाला अवघी ४० लागत होती. चौकशी केल्यावर उलगडा झाला. त्याला दम्यासारखा त्रास होता. बायकोने फॉक्सग्लोव्हची मूठभर हिरवी पाने अर्धा पाइंट पाण्यात उकळली आणि तो काढा त्याने एका दमात पिऊन टाकला.

२/
व्यापारी थोडक्यात वाचला. विदरिंग यांनी ही हकिकत पुढे आपल्या ग्रंथात नोंदवली आणि अभिप्राय दिला तो मार्मिक होता: त्या बाईला गावचे औषध ठाऊक होते, त्याचे प्रमाण मात्र ठाऊक नव्हते. आज रुग्णालयात डिगॉक्सिनची गोळी देण्यापूर्वी परिचारिका रुग्णाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजते आणि पोटॅशियमचा अहवाल पाहते. या दोन सवयींचा उगम शोधत गेले, की वाट याच व्यापाऱ्याच्या खाटेपाशी येऊन पोहोचते.

३/
फॉक्सग्लोव्ह म्हणजे युरोपात रानोमाळ उगवणारी, घंटेसारख्या जांभळ्या फुलांची वनस्पती. तिचे शास्त्रीय नाव डिजिटालिस पुर्पुरिया. १७७५मध्ये विदरिंग यांच्याकडे एका घरगुती औषधाविषयी मत विचारण्यात आले. श्रॉपशायरमधील एक वृद्ध स्त्री ते अंगावर सूज आलेल्या रुग्णांना देत असे, आणि नामांकित वैद्यांनी हात टेकलेले काही रुग्ण त्याने बरे होत. त्यात वीसहून अधिक वनस्पती होत्या. विदरिंग हे वनस्पतिशास्त्राचे गाढे अभ्यासक. खरे काम करणारी वनस्पती फॉक्सग्लोव्हच असणार, हे ओळखायला त्यांना वेळ लागला नाही.

४/
पुढली दहा वर्षे त्यांनी प्रमाण निश्चित करण्यात घालवली. मूळ, खोड, पान असे एकेक भाग तपासून शेवटी फुलोऱ्याच्या वेळी तोडलेल्या आणि वाळवून कुटलेल्या पानाची भुकटी त्यांनी पसंत केली. प्रौढ माणसाला दिवसातून दोनदा १ ते ३ ग्रेन, म्हणजे एका वेळी फार तर २०० मिलिग्रॅम. १७८५मध्ये ‘अ‍ॅन अकाउंट ऑफ द फॉक्सग्लोव्ह’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात दीडशेहून अधिक रुग्णांच्या हकिकती आहेत, आणि त्यांतील अपयशे त्यांनी लपवलेली नाहीत.

५/
त्या ग्रंथात विषबाधेच्या लक्षणांची एक यादी आहे. औषध जास्त प्रमाणात किंवा घाईघाईने पुन्हा पुन्हा दिले, तर मळमळ, वांत्या, जुलाब, चक्कर, दृष्टीत गोंधळ, वस्तू हिरव्या किंवा पिवळ्या दिसणे, मिनिटाला ३५पर्यंत मंदावणारी नाडी, थंड घाम, झटके, मूर्च्छा आणि शेवटी मृत्यू. आजच्या औषधशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील यादी शेजारी ठेवली, तर विदरिंग यांच्या यादीतून काढून टाकावे असे फारसे काही सापडत नाही. तिच्यात भर मात्र पडली आहे, आणि ती महत्त्वाची आहे.

६/
यादीइतकाच महत्त्वाचा होता त्यांचा नियम. औषधाचा परिणाम मूत्रपिंडावर, पोटावर, नाडीवर किंवा आतड्यांवर दिसेपर्यंत ते द्यावे, आणि यांपैकी कोणताही एक परिणाम दिसताच थांबवावे. या नियमाचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. पुढचा डोस द्यायचा की नाही हे घड्याळाने ठरवायचे नाही. ते रुग्णाच्या शरीराने ठरवायचे. ‘प्रत्येक डोसपूर्वी नाडी पाहा’ या आजच्या शिस्तीचे हे मूळ रूप होय.

७/
लक्षणे इतकी विखुरलेली का? पोट, डोळे, हृदय यांचा परस्परांशी संबंध काय? औषध एकच, पण ते ज्या यंत्रणेला धरते ती शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. मळमळ पोटाच्या बिघाडातून सुरू होत नाही, तर मेंदूतील वांती घडवणाऱ्या केंद्रापासून सुरू होते. पिवळे-हिरवे दिसणे किंवा दिव्याभोवती कडे दिसणे हे डोळ्याच्या पडद्यातील पेशींचे काम बिघडल्याचे चिन्ह. म्हातारपणी मात्र चित्र याहून अस्पष्ट असते. भूक मरते, ग्लानी येते, माणूस गोंधळल्यासारखा वागतो, आणि घरचे म्हणतात, ‘वय झाले.’

८/
या अस्पष्ट लक्षणांची साक्ष १९६९ साली नेदरलँड्समधील वेल्डहोव्हन येथे अनपेक्षितपणे मिळाली. ०.२५ मिलिग्रॅम डिगॉक्सिनच्या म्हणून तयार झालेल्या गोळ्यांत चुकून ०.२० मिलिग्रॅम डिजिटॉक्सिन आणि केवळ ०.०५ मिलिग्रॅम डिगॉक्सिन गेले होते. दोन्ही एकाच कुळातील द्रव्ये, नावांत जेमतेम फरक. पण डिगॉक्सिन मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते आणि साधारण दीड ते दोन दिवसांत शरीरातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. डिजिटॉक्सिनला त्यासाठी जवळजवळ आठवडा लागतो. रोजची गोळी रोज साठत गेली.

९/
लेली आणि व्हॅन एन्टर या डॉक्टरांनी अशा १७९ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यातून जे समोर आले ते विदरिंग यांच्या यादीला पूरक होते. जवळजवळ सर्वांना कमालीचा थकवा होता आणि जवळजवळ सर्वांना दिसण्याच्या तक्रारी होत्या. म्हणजे हृदयाच्या आलेखावर काही दिसण्याआधी किंवा त्याच्यासोबतच रुग्ण स्वतः काहीतरी सांगत असतो. ‘पिवळे दिसते का?’ एवढाच प्रश्न पुरत नाही. ‘वाचताना त्रास होतो का, जेवण जाते का, अंगात त्राण आहे का?’ हेही विचारावे लागते.

१०/
आता नाडीकडे येऊ. येथे एक पेच आहे. डिजिटालिसने नाडी मंदावणे हा विषबाधेचा इशारा खरा, पण अनेक रुग्णांत नाडी मंदावावी म्हणूनच ते दिले जाते. मग हितकारक मंदपणा कोठे संपतो आणि घातक मंदपणा कोठे सुरू होतो? विदरिंग यांच्याजवळ या प्रश्नासाठी मनगटावरची बोटे आणि घड्याळ एवढीच साधने होती. हृदयावर या औषधाची विलक्षण सत्ता चालते हे त्यांनी लिहून ठेवले. ती सत्ता कशी चालते हे मात्र मनगटावरून कळणे शक्य नव्हते.

११/
उत्तराचा एक मोठा भाग विसाव्या शतकाच्या आरंभी मिळाला, तोही एखाद्या मोठ्या विद्यापीठात नव्हे. लँकेशायरमधील बर्नली या गिरणगावात जेम्स मॅकेन्झी हे सामान्य वैद्यकी करीत. गळ्यातील शिरेचे आणि मनगटाच्या नाडीचे स्पंदन एकाच वेळी कागदावर उमटवणारे ‘पॉलिग्राफ’ हे यंत्र त्यांनी तेथल्या एका घड्याळजीच्या मदतीने विकसित केले. गळ्यातील शीर हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बातमी देते, मनगट खालच्या कप्प्यांची. दोन्ही शेजारीशेजारी उमटल्यावर हृदयाची लय प्रथमच वाचता येऊ लागली.

१२/
मॅकेन्झींच्या ध्यानात आले, की डिजिटालिसचा सर्वांत ठळक उपयोग ज्यांची नाडी अत्यंत अनियमित आहे अशा रुग्णांना होतो. या विकाराला आज एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. त्यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात आणि खालच्या कप्प्यांवर अनियमित विद्युत्-संदेशांचा मारा करतात. वरच्या व खालच्या कप्प्यांच्या मध्ये एव्ही नोड नावाचा नाका आहे. डिजिटालिस त्या नाक्यावरची वाहतूक कमी करते. खाली कमी संदेश पोहोचतात, हृदयाला भरायला वेळ मिळतो, आणि प्रत्येक ठोका कामी येतो.

१३/
मॅकेन्झींच्या आलेखांत आणखी एक गोष्ट उमटली. औषध जास्त झालेल्या काही रुग्णांचे ठोके जोडीजोडीने पडत: एक नेहमीचा ठोका, लगेच एक अवेळी ठोका, मग विराम. या लयीला ‘बायजेमिनी’ म्हणतात. जोडीतला दुसरा ठोका इतक्या लवकर पडतो, की हृदयात रक्त भरायला अवधीच मिळत नाही. आकुंचन होते, पण बाहेर फेकले जाणारे रक्त फारच थोडे. त्याची लाट मनगटापर्यंत पोहोचेलच असे नाही.

१४/
परिणाम काय होतो ते आकड्यांत पाहू. समजा एका रुग्णाच्या मनगटावर मिनिटाला ३८ ठोके लागले. परिचारिका म्हणेल, हृदय फार मंद झाले आहे. त्याच क्षणी छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, तर ७६ ठोके ऐकू येतील. हृदय मंद झालेले नाही. ते अवेळी आणि निष्फळ ठोके देत आहे, म्हणजे विषबाधेने ते चिडले आहे. छाती आणि मनगट यांच्या मोजणीतील या फरकाला ‘पल्स डेफिसिट’ म्हणतात. येथे तो ३८ आहे, आणि मनगटाला तो दिसणे शक्यच नाही.

१५/
म्हणून डिगॉक्सिनपूर्वी एपिकल पल्स, म्हणजे हृदयाच्या टोकावरची नाडी मोजतात. प्रौढ व्यक्तीत हे टोक डाव्या बाजूला पाचव्या आणि सहाव्या बरगडीमधल्या फटीत, गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या मध्यापासून सरळ खाली ओढलेल्या रेषेवर असते. हृदय मोठे झाले असेल तर ते बाहेरच्या बाजूस सरकते. रुग्णाला काही मिनिटे शांत बसू किंवा पडू द्यायचे, त्या जागी स्टेथोस्कोप ठेवायचा आणि प्रत्येक ‘लब-डब’ हा एक ठोका धरून पूर्ण ६० सेकंद मोजायचे.

१६/
पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले तर काय बिघडते? लय नियमित असेल तर फारसे काही नाही. पण जिच्यासाठी ही तपासणी आहे ती लयच अनियमित असू शकते. एखाद्या पंधरा सेकंदांत तीन विराम येतील, दुसऱ्यात एकही येणार नाही. शिवाय मोजणीचा हेतू केवळ संख्या नाही. ठोके जोडीने पडतात का, मध्येच गळतात का, कालच्यापेक्षा लय वेगळी आहे का, हे ऐकायलाही पूर्ण मिनिट लागते.

१७/
प्रौढांसाठी रूढ सीमा मिनिटाला ६० ठोक्यांची आहे. त्याखाली मोजणी आली, तर डोस न देता डॉक्टरांना कळवायचे. मुलांत ही सीमा अधिक वर असते, कारण त्यांचे हृदय मुळातच वेगाने चालते. ६० हा आकडा निसर्गनियम नव्हे, ती सावधगिरीची रेघ आहे, आणि एखाद्या रुग्णासाठी डॉक्टर वेगळी सीमा आखून देऊ शकतात. ठोके एकाएकी फार वाढले, तरीही थांबून विचारायचे असते. विषबाधा हृदयाला मंदही करते आणि बेलगामही करते.

१८/
या सगळ्यांत फसवी खूण आणखी निराळी आहे. फिब्रिलेशनच्या रुग्णाची नाडी वर्षानुवर्षे अनियमित असते. एके सकाळी ती मिनिटाला ५० आणि अगदी घड्याळासारखी नियमित लागते. कोणालाही वाटावे, औषधाने रुग्ण बरा झाला. वस्तुतः एव्ही नोडचा नाका पूर्ण बंद झालेला असू शकतो. वरून एकही संदेश येत नसल्याने खालच्या भागाने स्वतःची राखीव, संथ लय सुरू केलेली असते. जी नाडी अनियमितच असायला हवी, तिचे नियमित होणे हाच येथे इशारा असतो.

१९/
दरम्यान औषधाचे रूपही बदलले होते. १९३० साली बरोज वेलकम कंपनीतील सिडनी स्मिथ यांनी डिजिटालिस लॅनाटा या दुसऱ्या जातीच्या पानांतून डिगॉक्सिन हे शुद्ध द्रव्य वेगळे केले. पानाच्या भुकटीची ताकद पिकागणिक बदलत असे, गोळीचे प्रमाण मात्र मिलिग्रॅमच्या अंशापर्यंत ठरवता येऊ लागले. व्यापाऱ्याच्या बायकोची अडचण जणू सुटली. तरीही विषबाधा थांबली नाही. याचे एक मोठे कारण गोळीत नव्हते, रुग्णाच्या रक्तात होते.

२०/
पोटॅशियम दिल्याने डिजिटालिसचे अवेळी ठोके थांबू शकतात, अशी निरीक्षणे १९४०च्या दशकात प्रसिद्ध झाली होती. पण हा प्रश्न घरोघरी पोहोचला तो १९५७-५८मध्ये. त्या सुमारास क्लोरोथायझाइड हे तोंडाने घेता येणारे, लघवी वाढवणारे प्रभावी औषध आले. तोवर त्या कामासाठी प्रामुख्याने पाऱ्याच्या संयुगांची इंजेक्शने वापरावी लागत. आता एका गोळीने पायांची सूज उतरू लागली. पण लघवीतून सोडियम व पाणी जाताना पोटॅशियमही वाहून जाई.

२१/
त्या काळातला एक कल्पित रुग्ण डोळ्यांपुढे आणू. वय ६८, दुबळे हृदय, तीन वर्षे रोज ०.२५ मिलिग्रॅम डिगॉक्सिन, कसलीही तक्रार नाही. सूज वाढली म्हणून क्लोरोथायझाइड सुरू झाले. दहा दिवसांत सूज ओसरली, वजन उतरले, सगळे खूश. तिसऱ्या आठवड्यात त्याची अन्नावरची वासना उडाली, मळमळ सुरू झाली आणि छातीवर ठोके जोडीजोडीने ऐकू येऊ लागले. रक्तातील पोटॅशियम २.८ भरले. नेहमीची पातळी ३.५ ते ५.० मिलिमोल प्रति लिटर असते.

२२/
डिगॉक्सिनची मात्रा तीन वर्षांत तिळभरही बदललेली नव्हती, मग विषबाधा कशाने झाली? याचे उत्तर त्याच वर्षांत आकार घेत होते. १९५३मध्ये स्वित्झर्लंडच्या हान्स शात्झमान यांनी दाखवले, की डिजिटालिसच्या कुळातील द्रव्ये लाल रक्तपेशींच्या आवरणातून होणारी सोडियम व पोटॅशियमची ने-आण अडवतात. १९५७मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्काउ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंत ही ने-आण करणारे विकर शोधले. त्यासाठी १९९७ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

२३/
हाच तो सोडियम-पोटॅशियम पंप. एका फेरीत तो पेशीतून तीन सोडियम बाहेर टाकतो आणि बाहेरून दोन पोटॅशियम आत घेतो. डिगॉक्सिन बाहेरच्या बाजूने त्याला चिकटते आणि तो बंद पाडते. मग पेशीत सोडियम साचते, त्यामुळे कॅल्शियम बाहेर टाकण्याचे कामही मंदावते, आणि वाढलेल्या कॅल्शियममुळे हृदयाचा स्नायू जोराने आवळला जातो. औषधाचा गुण तो हाच. कॅल्शियम फार वाढले, की पेशी स्वतःहून अवेळी संदेश सोडू लागतात. औषधाचा दोषही हाच.

२४/
आता दुव्याकडे पाहा. पोटॅशियमही पंपाला बाहेरूनच लागते. ते पुरेसे असले, की डिगॉक्सिनला पंपावर घट्ट बसणे अवघड जाते. ते कमी झाले, की जणू पहारा उठतो आणि तेवढेच डिगॉक्सिन अधिक पंप बंद पाडते. कल्पित रुग्णाच्या बाबतीत गोळी तीच राहिली, तिची पकड वाढली. म्हणून डिगॉक्सिनसोबत लघवीची गोळी घेणाऱ्याला, किंवा ज्याला जुलाब-वांत्या होत आहेत त्याला, धोका अधिक. मॅग्नेशियम कमी असले तरी हाच धोका वाढतो.

२५/
१९६९मध्ये अमेरिकेत थॉमस स्मिथ आणि सहकाऱ्यांनी रक्तातील डिगॉक्सिन मोजण्याची खात्रीची पद्धत प्रसिद्ध केली. साधारणतः २ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर विषबाधेची शक्यता बरीच वाढते. पण पोटॅशियम २.८ असलेल्या रुग्णाला १.५वरही विषबाधा होऊ शकते, तर दुसरा एखादा २.२वर ठणठणीत असतो. शेवटच्या डोसनंतर किमान सहा तासांनी रक्त घेतले नाही, तर आकडा फसवा उंच येतो. प्रयोगशाळा आली तरी स्टेथोस्कोप निवृत्त झाला नाही, तो यामुळेच.

२६/
पोटॅशियमची गोष्ट येथे संपली असती, तर नियम सोपा झाला असता: कमी म्हणजे वाईट, द्या म्हणजे झाले. पण एकाच वेळी खूप मोठी मात्रा पोटात गेली, तर चित्र उलटते. शरीरभरचे पंप एकदम बंद पडतात, पेशींत जाणारे पोटॅशियम बाहेरच राहते आणि रक्तातील पातळी वाढत जाते. १९७३मध्ये पॅरिसमधील बिस्म्युथ आणि सहकाऱ्यांनी डिजिटॉक्सिनच्या अशा ९१ तीव्र विषबाधांचा अभ्यास मांडला. पोटॅशियम ५.०च्या खाली असलेले सारे वाचले होते, ५.५च्या वर गेलेला एकही वाचला नव्हता.

२७/
म्हणजे दीर्घकाळच्या उपचारात कमी पोटॅशियम हे विषबाधेचे कारण असते, आणि तीव्र विषबाधेत जास्त पोटॅशियम हे तिच्या खोलीचे माप असते. दोन्ही एकाच पंपाच्या दोन बाजू. म्हणूनच डिगॉक्सिनची शंका आली की डोळे मिटून पोटॅशियम देत नाहीत. पातळी खरोखर कमी आहे का, मूत्रपिंडे काम करतात का, हे आधी पाहतात. हृदयातला नाका बंद पडत असेल, तर जादा पोटॅशियम तो आणखी बंद करू शकते.

२८/
उतारा १९७६मध्ये आला. मेंढीच्या शरीरात डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडे तयार करून त्यांचे ‘फॅब’ नावाचे तुकडे बॉस्टनमधील स्मिथ, हेबर, येटमन आणि बटलर यांनी तीव्र विषबाधेच्या एका रुग्णाला दिले. त्याचे पोटॅशियम ८.७वर पोहोचले होते. प्रतिपिंडांनी डिगॉक्सिन पकडले, पंप मोकळे झाले, पोटॅशियम पेशींत परतले आणि हृदयाची लय सावरली. पंपाविषयीचा सिद्धान्त एका माणसाच्या खाटेवर सिद्ध झाला.

२९/
या कथेला आपल्या अंगणापर्यंत येणारा एक फाटाही आहे. महाराष्ट्रात कुंपणाला लावली जाणारी पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, याच तऱ्हेची हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये बाळगते. तिच्या विषबाधेतही वांत्या, मंद नाडी आणि वाढते पोटॅशियम हीच त्रयी दिसते. श्रीलंकेत अशा रुग्णांवर डिगॉक्सिनविरोधी फॅबची पद्धतशीर चाचणी झाली, आणि ते उपयोगी पडले. वनस्पती वेगळी, खंड वेगळा, पण धरला गेलेला पंप तोच.

३०/
शेवटी पुन्हा त्या व्यापाऱ्याकडे. मिनिटाला ४० ही त्याची नाडी नेमकी काय होती? नाका अडल्याने हृदय खरोखर ४०वर आले होते, की छातीत ८० ठोके पडत असून त्यांतला प्रत्येक दुसरा वाटेतच विरत होता? दोन्ही शक्य आहे. विदरिंग यांच्या बोटांखाली दोन्ही अगदी सारखेच लागले असते. फरक ओळखण्याचे साधन, रने लेनेक यांचा स्टेथोस्कोप, अवतरायला १८१६ साल उजाडावे लागले. आज परिचारिका गोळी हातात घेण्यापूर्वी जे एक मिनिट छातीवर कान लावून काढते, त्या मिनिटात ती हाच प्रश्न विचारत असते.